लाल थर

रात्री पावणेतीनच्या सुमारास वॉर्डातून आलेली जांभळ्या झाकणाची नळी सुनंदाने हातात घेतली, तेव्हा तिच्यावरच्या लेबलात काहीही वावगे नव्हते. नाव, नोंदणी क्रमांक, वेळ आणि सही हे सगळे मागणीपत्राशी तंतोतंत जुळत होते. खाट क्रमांक 11, स्त्री, वय 34, हिमोग्लोबिन 5.4, पॅक्ड सेल्सच्या दोन पिशव्या, तातडीने. या बाईंना पूर्वी कधीच रक्त चढवलेले नव्हते, त्यामुळे ताडून पाहायला रक्तपेढीच्या नोंदीत त्यांचा जुना गटही नव्हता.

नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तिने नेहमीच्या क्रमाने काम सुरू केले. निळ्या अँटी-एमध्ये पेशींची एकच घट्ट गुठळी झाली, तर पिवळ्या अँटी-बीमध्ये हलवताच त्या धुरासारख्या सुट्या पसरल्या. उलट तपासणीत प्लाझ्माने बी पेशी धरल्या आणि ए पेशी सोडल्या. गट ए पॉझिटिव्ह निघाला. फ्रीजमधून त्याच गटाची पिशवी काढून तिने पिशवीतल्या पेशी नळीतल्या प्लाझ्माशी जुळवून पाहणारा क्रॉसमॅच लावला आणि तोही शेवटच्या टप्प्यापर्यंत विनातक्रार जुळला. पिशवीला टॅग बांधून झाला, फक्त सही राहिली होती.

नळी रॅकमध्ये परत ठेवताना मात्र तिचा हात थांबला. फिरवलेल्या नळीत तळाशी लाल पेशी आणि वर पिवळसर प्लाझ्मा असे दोन थर दिसतात, हे ती रोज पाहत होती, आणि रोज पाहिलेली गोष्ट डोळ्यांना दिसेनाशी होते हेही तिला ठाऊक होते. या नळीतला लाल थर जवळजवळ निम्म्यापर्यंत चढला होता. हिमोग्लोबिन 5.4 असलेल्या माणसाचा लाल थर जेमतेम सहाव्या हिश्शाएवढा असायला हवा.

तिने नळी हलकेच उलटीसुलटी करून रक्त एकजीव केले आणि पेशी मोजणाऱ्या काउंटरवर लावले. हिमोग्लोबिन 13.1, एमसीव्ही म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार 88. संध्याकाळच्या रिपोर्टात याच बाईंचा एमसीव्ही 62 होता. रक्त न देता काही तासांत पेशी एवढ्या वाढत नाहीत आणि त्यांचा आकार तर मुळीच बदलत नाही. संध्याकाळची आणि आताची, या दोन नळ्यांपैकी एक खोटे बोलत होती. कोणती, हे तिला इथे बसून ठरवता येणार नव्हते.

तिने वॉर्डात फोन लावला. निवासी डॉक्टर वैतागलेले होते. “मॅडम, पेशंट पांढरीफटक पडलीय, दम लागलाय. तुमचा क्रॉसमॅच जुळला ना? मग अडलंय कुठे?”

“जुळलाय, सर, पण नळीतल्या रक्ताशी. ते रक्त तुमच्या पेशंटचंच आहे याची मला खात्री नाही. दुसरं सॅम्पल पाठवा, आणि लेबल खाटेपाशीच, त्यांना नाव विचारून लावा. अगदीच थांबता येत नसेल तर ओ निगेटिव्ह देते. ही पिशवी मात्र सोडणार नाही.”

पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग ते म्हणाले, “दहा मिनिटांत पाठवतो.”

सिस्टर स्वतःच नळी घेऊन आल्या आणि खिडकीपाशी उभ्या राहिल्या. या खेपेस फिरवलेल्या नळीच्या तळाशी लाल रंगाचा आखूडसा तुकडा होता. अँटी-एमध्ये गुठळी नाही, अँटी-बीमध्येही नाही. उलट प्लाझ्माने ए आणि बी दोन्ही पेशी घट्ट धरल्या. गट ओ पॉझिटिव्ह. टॅग बांधलेली पिशवी गेली असती, तर याच प्लाझ्मातल्या अँटी-एने तिच्यातल्या पेशी शिरेतच फोडायला सुरुवात केली असती, आणि पहिल्या काही मिलिलिटरनंतर थंडी वाजून आली असती तरी कमी हिमोग्लोबिनमुळे आधीच धापणाऱ्या रुग्णाकडे पाहून ते कितपत लवकर उमगले असते, कोण जाणे.

“अकरा आणि बारा, दोघींचं रक्त एकदमच काढलं,” सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. “नळ्या टेबलावर नेऊन मग लेबलं लावली. तेवढ्यात चार नंबरच्या पेशंटला झटका आला.”

“बाराची नळी कुठे गेली?”

“सीबीसीला.”

सुनंदाने त्याच क्षणी खालच्या प्रयोगशाळेला फोन केला. बाराचा रिपोर्ट तयार होता: हिमोग्लोबिन 5.3, तातडीने कळवावे असा शेरा मारून तो छपाईला गेला होता. “थांबवा तो,” ती म्हणाली, “आणि बाराचंही सॅम्पल नव्याने मागवा.”

मग तिने ओ पॉझिटिव्हच्या पिशव्या क्रॉसमॅचला घेतल्या. घटनेच्या नोंदवहीत वेळ, दोन्ही नळ्यांचे आकडे आणि लेबल कुठे लावले गेले एवढेच लिहिले. नावाच्या रकान्यात सिस्टरांचे नाव लिहिण्याऐवजी वॉर्डाचे लिहिले. टेबलावर ए पॉझिटिव्हची पिशवी अजून तशीच होती. तिच्यावरचा अकरा नंबरचा टॅग कात्रीने कापून तिने ती परत फ्रीजमध्ये ठेवली.