विषय: साडी पोहोचण्यास झालेल्या विलंबाबद्दल मनःपूर्वक दिलगिरी

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

‘भाचीच्या साखरपुड्यासाठी मागवलेली पैठणी अजून आली नाही आणि कोणी फोनही उचलत नाही’ हा आपला काल रात्रीचा ईमेल आज सकाळी दुकान उघडताच वाचला. घरात कार्य ठरलेले असताना आपल्याला रोज दाराकडे पाहत बसावे लागले आणि त्यात आमच्याकडून साधे उत्तरही मिळाले नाही, याबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागते.

आपल्या ईमेलमध्ये ऑर्डर क्रमांक नव्हता, म्हणून आपले नाव आणि ईमेल पत्ता घेऊन आम्ही रवानगीची वही तपासली. परभणीला गेलेल्या तीन पार्सलांच्या कुरियर पावत्याही काढून पाहिल्या, पण त्यांपैकी एकीवरही आपले नाव नाही. ऑर्डर घरातील दुसऱ्या कोणाच्या नावाने किंवा वेगळ्या मोबाईल क्रमांकावरून नोंदवलेली असू शकते, तशीच ती नोंदवताना आमच्याकडूनही चूक झालेली असू शकते.

त्यामुळे उशीर कशामुळे झाला, हे या क्षणी मी आपल्याला सांगू शकत नाही. पैठणी हातमागावर विणली जाते आणि पदराच्या नक्षीला वेळ लागतो, हे खरे आहे. मात्र आपली साडी मागावर आहे, फॉल-पिकोला गेली आहे की कुरियरकडे अडकली आहे, हेच ठाऊक नसताना विणकरांवर किंवा कुरियरवाल्यांवर बोट ठेवणे मला योग्य वाटत नाही.

आपल्याला एकच विनंती आहे. पैसे भरल्याची पावती, तिचा मोबाईलवरचा फोटो किंवा ऑर्डर देताना वापरलेला क्रमांक, यांपैकी जे हाताशी असेल ते याच ईमेलला उत्तर म्हणून पाठवावे, आणि साखरपुड्याची तारीखही कळवावी. यांतले काहीच सापडले नाही तर साडीचा रंग आणि काठ एवढे कळवले तरी चालेल. त्यावरून आम्ही नोंदी पुन्हा पाहू. आमचा शोध तोवर थांबणार नाही.

साडी तातडीने पाठवायची, तयार साड्यांमधून दुसरी द्यायची की पैसे परत करायचे, हे ऑर्डर सापडल्यावर आपल्याशी बोलूनच ठरवू. जे पाळता येईल की नाही याची खात्री नाही, असे वचन कार्याच्या तोंडावर देऊन आपल्याला पुन्हा वाट पाहायला लावण्याची माझी इच्छा नाही. उद्या दुपारी १२ वाजेपर्यंत मी स्वतः आपल्याला पुन्हा लिहीन. तोवर ऑर्डर सापडली नाही, तरी काय काय तपासले ते कळवीन.

आपली नम्र,
व्यवस्थापिका, ग्राहक सेवा
पैठणी विक्री दालन, पैठण