दुकानाचा नफा 9 लाखांनी का घटला : कारणांचं झाड

काका, रत्नागिरी आणि गणपतीपुळे या दोन्ही दुकानांचा हिशेब यात एकत्र आहे. फांद्या पाडताना दोन गोष्टी सांभाळल्या आहेत : घटलेला प्रत्येक रुपया एकाच फांदीवर धरायचा आणि एकही रुपया झाडाबाहेर ठेवायचा नाही. म्हणून प्रत्येक पायरीला बेरीज जुळवून मगच पुढे गेले आहे.

मूळ प्रश्न : 2023-24 मध्ये नफा 24 लाख होता, 2024-25 मध्ये 15 लाखांवर आला. 9 लाख गेले कुठे?

नफा म्हणजे ढोबळ नफा वजा दुकान चालवायचा खर्च. ढोबळ नफा 72 लाखांवरून 67 वर आला आणि खर्च 48 वरून 52 वर गेला. 5 अधिक 4, झाले 9.

फांदी अ. ढोबळ नफा (5 लाख कमी)

अ1. विक्रीची रक्कम : 3 लाखांची भर. विक्री 4 कोटी 80 लाखांवरून 5 कोटी झाली. जुन्या 15 टक्के मार्जिनने या वाढीव 20 लाखांवर 3 लाख मिळायला हवे होते. पण बिलं दोन्ही वर्षी 80 हजारच आहेत, बिलामागची रक्कम तेवढी 600 वरून 625 झाली. 14 सप्टेंबर 2024 पासून कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ सीमाशुल्क शून्यावरून 20 टक्के झालं आणि डबे महागले. गिऱ्हाईक वाढलेलं नाही, म्हणून या वाढीवर खूश होऊ नये.

सणांची वेगळी डहाळी काढली नाही. गणपती दोन्ही वर्षी सप्टेंबरात आले, शिमगा दोन्ही वर्षी मार्चात.

अ2. मार्जिनची टक्केवारी : 8 लाख कमी. 15 टक्क्यांवरून 13.4. खरं दुखणं इथे आहे. त्याच्या चार डहाळ्या :

*अ2-क. खरेदी दर वाढला, विक्री दर तेवढा वाढवला नाही : 1.7 लाख.* मुख्यतः तेल. तेलाने फुगलेली रक्कम अ1 मध्ये आणि त्यात कमी सुटलेला नफा इथे, असं ठरवलं आहे. नाहीतर तेल दोनदा मोजलं गेलं असतं.

*अ2-ख. सवलती : 80 हजार.* ओळखीच्या गिऱ्हाइकाला बिलाखाली सोडलेले वरचे रुपयेही यात धरले आहेत.

*अ2-ग. खराबा आणि तूट : 1.5 लाख.* पावसाळ्यात सादळलेले पोहे, मऊ पडलेला काजू, टोके लागलेला तांदूळ. हे टाकताना वहीत लिहिलं जात नाही, म्हणून मोजणीत न जुळलेला माल वेगळा काढता आला नाही. दोन्ही एकाच डहाळीवर ठेवले आहेत. गल्ल्यातून घरी नेलेली रोकड मात्र यात नाही. ती उचल आहे, नुकसान नव्हे.

*अ2-घ. कोणता माल किती खपला : 4 लाख.* सगळ्यात मोठी डहाळी. कोकणमेव्यावर 31 टक्के सुटतात, किराण्यावर 11. मेव्याचा वाटा विक्रीच्या 20 टक्क्यांवरून 16 वर आला, म्हणजे 96 लाखांवरून 80. या 16 लाखांपैकी 13 एकट्या गणपतीपुळ्याचे आहेत. पर्यटक कमी आले म्हणावं तर तिथली बिलं 11,600 वरून 11,250, फारशी हललेली नाहीत. बिलामागचा मेवा मात्र 500 रुपयांवरून 400 वर आला.

मग माणूस दुकानात येऊन कमी का घेतो? तीनच शक्यता : त्याला हवं ते फळीवर नव्हतं, होतं पण महाग वाटलं, किंवा भाव पटूनही मालच पसंत पडला नाही. माझा कल पहिलीकडे आहे. पुळ्याच्या स्टॉक रजिस्टरात दिवाळीच्या सुट्टीच्या पानावर आंबापोळी, फणसपोळी आणि अख्खा काजूगर, तिन्हींपुढे शून्य आहे. आमसुलं आणि कोकम आगळ भरपूर, आणि त्यांची विक्री घटलेलीही नाही. पोळ्या मे महिन्यात घालतात. तेव्हा बचत गटांना आगाऊ पैसे दिले नाहीत तर दिवाळीला त्या कुठूनही मिळत नाहीत.

फांदी ब. खर्च (4 लाख जास्त)

पगार 1.6 लाख, भाडं 1.2 लाख, वीज 70 हजार, बाकी सगळं, व्याजासकट, 50 हजार. भाडं करारानेच वाढलं, त्यावर वेळ घालवू नये. पगारवाढ रत्नागिरीच्या नव्या काउंटरची आहे. तो मुलगा ठेवावाच असं मला वाटतं, संध्याकाळची रांग त्याच्यामुळेच हलते.

आधी काय तपासायचं

अ2-घ. मे 2024 मध्ये बचत गटांना किती आगाऊ रक्कम गेली आणि 2023 मध्ये किती गेली होती, ते बँकेच्या पासबुकात बघावं लागेल. रक्कम तेवढीच निघाली तर माझा अंदाज चुकीचा ठरेल, मग भावाची शक्यता घ्यायची : पुळ्याच्या रस्त्यावरच्या चार स्टॉलांवर पाव किलो काजूगर काय भावाने मिळतो, ते शनिवारी विचारून येते. पासबुक तुमच्याकडे आहे, तेवढं शुक्रवारपर्यंत द्या.