सावित्रीबाई फुले : साल पक्कं असेल तरच भिंतीवर
(इयत्ता सातवी, जिल्हा परिषद शाळा, जालना जिल्हा)

वाचण्याआधी : प्रत्येक सालापुढे दोन टिकल्या आहेत. हिरवी म्हणजे एका पुस्तकात पाहिलं, लाल म्हणजे दुसऱ्यात. दुसऱ्याने पहिल्याचंच उतरवून घेतलेलं दिसलं, तर ते एकच धरलं. मोबाईलवर फिरणारी चित्रं मोजली नाहीत.

🟢🔴 १८३१ – ३ जानेवारी. नायगाव (सातारा जिल्हा) इथे जन्म. वडील खंडोजी नेवसे पाटील.

🟢🔴 १८४० – जोतीरावांशी लग्न. वय नऊ. आपल्या चौथीतल्या पोरींएवढं.

🟢🔴 १८४८ – पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा. तेव्हा आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता. तो सुटायला अजून शंभर वर्षं होती.

🟢🔴 १८५४ – ‘काव्यफुले’ हा कवितासंग्रह छापला.

🟢🔴 १८५६ – १० ऑक्टोबर. आजारी असताना नायगावहून जोतीरावांना पत्र. माझ्यामागे फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचं त्यात लिहिलंय. फातिमा शेख यांचं नाव बाईंच्याच पत्रात आहे, म्हणून त्यांच्या नावाची चिठ्ठी इथे जाड अक्षरात.

🟢🔴 १८६३ – बालहत्या प्रतिबंधक गृह.
या चौकटीवर कागद चिकटवलेला दिसतोय ना? आधी आम्ही १८५३ लिहिलं होतं. तेच साल पुष्कळ ठिकाणी छापलंय. पण जोतीरावांनी १८८४ मध्ये स्वतः लिहिलंय, की काशीबाई नावाच्या विधवेची गोष्ट १८६३ ला पुण्यात घडली आणि त्यावरूनच त्यांनी आपल्या आवारात गरोदर विधवांच्या बाळंतपणासाठी हे घर काढलं. तोवर पस्तीस विधवा तिथे आल्या होत्या. ज्यांनी काढलं त्यांचं ऐकलं. ‘५’ वर ‘६’ डकवला, डिंक जरा जास्त झाला.

🟢🔴 १८६८ – २९ ऑगस्टचं पत्र. गणेश नावाचा ब्राह्मण मुलगा आणि सारजा ही अस्पृश्य समाजातली मुलगी. सारजा गरोदर. गावकरी दोघांना मारत निघाले होते. बाई धावत गेल्या, इंग्रजी कायद्याचा धाक घातला, दोघांचा जीव वाचवला.

🟢🔴 १८७३ – २४ सप्टेंबर. सत्यशोधक समाजाची स्थापना.

🟢🔴 १८७७ – दुष्काळ. २० एप्रिलला ओतूरहून पत्र.

🟢🔴 १८९० – २८ नोव्हेंबर. जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं धरून बाई पुढे चालल्या.

🟢🔴 १८९७ – १० मार्च. पुण्यात प्लेग. रोग्यांची सेवा करता करता लागण झाली आणि बाई गेल्या.

चूक दिसली तर पेन्सिलीने बाजूला साल लिहा. पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक लिहायला विसरू नका. नुसतं ‘चूक आहे’ लिहिलेलं खोडलं जाईल.