तिमाही बिझनेस रिव्ह्यू मीटिंगचे मिनिट्स: ऑक्टोबर ते डिसेंबर 2024 (तिसरी तिमाही)

मीटिंग 17 जानेवारी 2025, शुक्रवारी सकाळी 10:30 ला सुरू झाली, 1:40 ला संपली. हजर: एमडी (अध्यक्ष), फायनान्स हेड, सेल्स हेड, प्लांट हेड, परचेस मॅनेजर, मेंटेनन्स मॅनेजर, डिस्पॅच इन्चार्ज, एचआर मॅनेजर. क्वालिटी मॅनेजर रजेवर होते, त्यांचे आकडे प्लांट हेडनी मांडले. मिनिट्स फायनान्सकडून.

आधी आकडे कसे वाचायचे ते. रक्कम सगळीकडे लाख रुपयांत, टॅक्स सोडून. विक्री म्हणजे बिल होऊन गेटबाहेर पडलेला माल, गोडाऊनमध्ये पडलेला धरलेला नाही. फरकाच्या आधी वजा म्हणजे आपल्या विरोधात, अधिक म्हणजे फायद्यात. राउंडिंगमुळे कुठे कुठे 0.1 इकडेतिकडे दिसेल.

मागच्या रिव्ह्यूतली कामं

7 कामं ठरली होती, 4 झाली, 2 रखडली, 1 रद्द केलं (जुनी प्रिंटिंग मशीन विकायची होती, तिला गिऱ्हाईक नाही). रखडलेल्यातलं एक किरकोळ आहे, फॉर्मॅट बदलायचा होता. दुसरं म्हणजे सिंगल फेसरचं स्पेअर बेअरिंग आणि स्टीमचे रोटरी जॉइंट स्टॉकमध्ये ठेवणं, याची शेवटची तारीख 15 ऑक्टोबर होती. कोटेशन आलं होतं, पण मंजुरी कोणी द्यायची यावरच मेल फिरत राहिले आणि ऑर्डर गेलीच नाही. पुढे प्रॉडक्शनमध्ये जे दिसतंय त्यातलं बरंच इथून सुरू होतं, म्हणून हे मुद्दाम वर घेतलंय.

मुख्य आकडे

| बाब | बजेट | प्रत्यक्ष | फरक |
|---|---|---|---|
| विक्री, टन | 2,000 | 1,830 | −170 |
| विक्री | 1,240.0 | 1,152.9 | −87.1 |
| पेपरचा खर्च | 763.2 | 738.8 | +24.4 |
| इतर बदलता खर्च | 180.0 | 171.2 | +8.8 |
| स्थिर खर्च | 196.0 | 193.5 | +2.5 |
| एबिटडा | 100.8 | 49.4 | −51.4 |

विक्री टार्गेटपेक्षा 7.0 टक्के कमी. मागच्या तिमाहीच्या 1,121.0 पेक्षा 2.8 टक्के जास्त आहे, पण एबिटडा बजेटच्या निम्म्यावर आलाय, मार्जिन 8.1 टक्के हवं होतं ते 4.3 टक्के.

टेबल बघून परचेस मॅनेजर म्हणाले की पेपरमध्ये 24.4 वाचलेत. फायनान्स हेडनी तिथेच थांबवलं आणि हे मिनिट्समध्ये नीट यावं असं सांगितलं. माल 170 टन कमी बनलाय तर पेपर कमी लागणारच, त्याला बचत म्हणता येत नाही. 1,830 टनांना बजेटच्या हिशोबाने 698.3 चा पेपर लागायला हवा होता, लागला 738.8 चा, म्हणजे खरं तर 40.5 जास्त गेले. तसंच इतर बदलता खर्च 164.7 व्हायला हवा होता, झाला 171.2, तिथे 6.5 जास्त. आता यापुढे प्रत्येक रिव्ह्यूत खर्चाची तुलना प्रत्यक्ष टनांवर काढलेल्या बजेटशीच करायची, मूळ बजेट फक्त संदर्भाला. सगळ्यांना मान्य.

मग 51.4 कुठे गेले: कमी टनांमुळे −25.2, विक्रीचा रेट जास्त मिळाल्यामुळे +18.3, पेपर −40.5, इतर बदलता खर्च −6.5, स्थिर खर्च +2.5. बेरीज जुळते. स्थिर खर्चातले 2.5 दोन रिकाम्या जागांमुळे आहेत, दोन्ही फेब्रुवारीत भरतील असं एचआरने सांगितलं, तेव्हा ते पुढे धरू नयेत.

विक्री

170 टनांच्या तुटीवर सगळ्यात जास्त वेळ गेला. सेल्स हेडचं म्हणणं होतं की त्यातले 80 टन प्लांटने वेळेत माल दिला नाही म्हणून गेले, प्लांट हेड म्हणत होते 30 च्या वर नाही. अंदाजाने लिहायचं नाही असं ठरवून डिस्पॅच रजिस्टर आणि कस्टमरचे कॅन्सलेशनचे मेल तिथेच उघडून एकेक ऑर्डर ताडून बघितली. उशिरामुळे खरोखर कॅन्सल झालेल्या ऑर्डर 55 टनांच्या निघाल्या. सेल्सच्या 80 मधले बाकीचे 25 टन उशिरा का होईना पण डिसेंबर संपायच्या आत गेलेत, ते विक्रीत आलेले आहेत, तुटीत परत धरता येणार नाहीत. तर नोंद अशी: 92 टन एका मोठ्या कस्टमरचं नवीन प्रॉडक्ट पुढे ढकललं गेलं म्हणून, 55 टन आपल्या उशिरामुळे, 23 टन छोट्या कस्टमरची मागणी कमी. दोन्ही हेडनी हा आकडा मान्य केला.

रेट सरासरी 62,000 वरून 63,000 रुपये टन झाला, त्यातून 18.3 आले. पण पेपरच्या भाववाढीने 23.8 खाल्ले, म्हणजे वाढलेल्या भावातले साधारण 77 टक्केच कस्टमरकडून वसूल झाले. 31 रेग्युलर कस्टमरपैकी 12 जणांच्याच करारात पेपरच्या भावाप्रमाणे रेट बदलायची अट आहे, बाकीच्यांशी दर वेळी बोलून घ्यावं लागतं आणि त्यात दोनेक महिने सहज जातात.

पेपर आणि वेस्टेज

40.5 मधले 23.8 भावाचे (36,000 चा पेपर सरासरी 37,200 ला पडला) आणि 16.6 जास्त वापराचे. भाव पूर्णपणे आपल्या हातात नाही, वापर आहे, म्हणून चर्चा वापरावर झाली.

इथे एक घोळ निस्तरावा लागला. प्रॉडक्शनच्या रिपोर्टात वेस्टेज 7.9 टक्के आणि फायनान्सच्या रिपोर्टात 8.5 टक्के होतं. दोन्ही बरोबर आहेत, जास्तीचा पेपर 156 टनच आहे, फक्त प्रॉडक्शन त्याला वापरलेल्या 1,986 टन पेपरने भागतं आणि फायनान्स विकलेल्या 1,830 टन मालाने. बजेटचे 6 टक्के विकलेल्या मालावरचे आहेत, त्यामुळे 7.9 ची तुलना 6 शी केली तर तूट आहे त्यापेक्षा लहान दिसते. आता सगळीकडे एकच, विकलेल्या एका टनाला किती टन पेपर लागला ते. बजेट 1.060, प्रत्यक्ष 1.085.

महिन्यावारी: ऑक्टोबर 630 टन मालाला 675 टन पेपर (1.071), नोव्हेंबर 560 ला 617 (1.102), डिसेंबर 640 ला 694 (1.084). नोव्हेंबरमध्येच कोरुगेटर दोनदा मोठा बंद पडला, एकदा 34 तास बेअरिंगमुळे, एकदा 27 तास रोटरी जॉइंटमधून स्टीम लीक होऊन. मेंटेनन्स मॅनेजरनी सांगितलं की दुसऱ्या वेळी मशीन लगेच बंद केली नव्हती, लीक असतानाच एक शिफ्ट चालवली, रोलला पुरती उष्णता मिळाली नाही, गम नीट बसला नाही आणि शीट सुटायला लागल्या, तो सगळा माल स्क्रॅपमध्ये गेला. शिवाय प्रत्येक वेळी मशीन परत चालू करताना सुरुवातीचा बोर्ड फेकावाच लागतो. तिमाहीत अचानक बंद एकूण 97 तास, मर्यादा 40 ची होती. 97 पैकी 61 तास या दोन घटनांचे आणि दोन्हीचे पार्ट्स मागच्या यादीत होते. एमडींनी हे वाक्य असंच लिहायला सांगितलंय.

डिलिव्हरी

1,216 ऑर्डरपैकी 1,075 वेळेत आणि पूर्ण गेल्या, 88.4 टक्के, टार्गेट 95. चुकलेल्या 141 ची कारणं: कोरुगेटर बंद 58, पेपर नव्हता 44, प्रिंटचं अप्रूव्हल कस्टमरकडून उशिरा 27, गाडी नाही 12. इतर बदलत्या खर्चातले जे 6.5 जास्त गेले त्यात 5.1 भाड्याचे आहेत, उशीर भरून काढायला अर्ध्या भरलेल्या गाड्या पाठवल्या, बाकी 1.4 विजेचे.

पेपर नसल्याच्या 44 पैकी किती आपण ऑर्डर उशिरा दिली म्हणून आणि किती मिलने उशीर केला म्हणून, हे परचेसकडे तयार नव्हतं. मुद्दा उघडा ठेवलाय, कारण ठरलेलं नाही.

वसुली

येणं बाकी 890, म्हणजे 71 दिवसांची विक्री, टार्गेट 60. 60 वर असतो तर साधारण 138 लाख मोकळे झाले असते. 90 दिवसांच्या वरचे 118, त्यात एकाच कस्टमरचे 64, रेटच्या फरकाची क्रेडिट नोट आपण दिली नाही म्हणून त्यांनी सगळंच अडवून धरलंय. वादातली रक्कम फक्त 3.2 आहे. सेल्स आणि फायनान्स दोघांनाही वाटत होतं की नोट दुसऱ्याने काढायची.

ठरलेली कामं

1. बेअरिंगचा एक सेट आणि रोटरी जॉइंटचे दोन नग यांची ऑर्डर 20 जानेवारीला निघेल, माल 28 फेब्रुवारीपर्यंत स्टॉकमध्ये. जबाबदारी मेंटेनन्स मॅनेजर. मंजुरी एमडींनी मीटिंगमध्येच दिली, वेगळा मेल लागणार नाही.

2. स्टीम लीक दिसला की मशीन थांबवायचा अधिकार शिफ्ट सुपरवायझरला, कोणाला विचारायची गरज नाही. लेखी सूचना प्लांट हेड 22 जानेवारीपर्यंत लावतील. यावर सेल्स हेडनी अर्जंट ऑर्डरचं काय असं विचारलं, ठरलं की थांबवायचंच आणि सेल्सला एका तासात कळवायचं.

3. वेस्टेज मार्च महिन्यात 1.065, तिमाहीची सरासरी 1.070. आकडा दर सोमवारी शिफ्टवारी, प्लांट हेड.

4. अट नसलेल्या 19 कस्टमरपैकी टनांनी मोठे 8 जण आधी घ्यायचे, त्यांच्या करारात पेपरच्या भावाची अट टाकायला सेल्स हेड 15 मार्चपर्यंत बोलतील. सगळे मानतील असं कोणी गृहीत धरलेलं नाही, किमान 5 झाले तर काम पूर्ण समजायचं.

5. 3.2 ची क्रेडिट नोट फायनान्स हेड 21 जानेवारीला काढतील, 64 ची वसुली सेल्स हेड 10 फेब्रुवारीपर्यंत. इथून पुढे क्रेडिट नोट फायनान्सनेच काढायची, सेल्सच्या मागणीनंतर 7 दिवसांत.

6. पेपर नसल्याच्या 44 ऑर्डरचा तपशील, परचेस मॅनेजर, 31 जानेवारी. तो आल्यावरच सेफ्टी स्टॉक वाढवायचा का ते ठरेल, आज त्यावर निर्णय नाही.

पुढच्या तिमाहीचा अंदाज

बजेट 2,080 टनांचं आहे, सुधारित अंदाज 1,960 टन, विक्री 1,244.6, एबिटडा 91.3. यात रेट 63,500, पेपर 37,000 आणि वापर 1.070 धरलाय. वर्षाचं टार्गेट बदललेलं नाही, अंदाज आणि टार्गेट रिपोर्टात वेगळ्या कॉलममध्ये दाखवायचे. पुढे ढकललेले 92 टन या अंदाजात घेतलेले नाहीत, कस्टमरकडून लेखी तारीख आल्याशिवाय घेणार नाही.

मिनिट्समध्ये कुठला आकडा चुकलेला वाटला तर 24 जानेवारीपर्यंत पुराव्यासकट फायनान्सला कळवा, त्यानंतर हेच फायनल धरले जातील. वरच्या कामांचा मधला आढावा 17 फेब्रुवारीला अर्धा तास, पुढचा तिमाही रिव्ह्यू 17 एप्रिलला सकाळी 10:30.