सेवेत कायम केल्याबाबतचे पत्र

कृष्णतीर कास्टिंग्ज प्रा. लि.
औद्योगिक वसाहत, शिरोली (पुलाची), ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर

जा. क्र. : आस्था/कायम/17/2024-25
दिनांक : 29 मार्च 2025

प्रति,
श्रीमती ऋतुजा संजय चौगुले
गुणवत्ता निरीक्षक, सँड लॅब व तपासणी विभाग
रा. इचलकरंजी

विषय : प्रोबेशन पूर्ण झाल्याने दि. 1 एप्रिल 2025 पासून सेवेत कायम करणे व सुधारित सेवाशर्ती.
संदर्भ : आपले नेमणूकपत्र, दि. 21 सप्टेंबर 2024.

श्रीमती ऋतुजा चौगुले, स.न.

दि. 1 ऑक्टोबर 2024 रोजी आपण सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर रुजू झालात. ती मुदत 31 मार्चला संपते. विभागप्रमुखांचा अहवाल, आपली हजेरी आणि प्रत्यक्ष काम पाहून कंपनीने आपल्याला 1 एप्रिल 2025 पासून सेवेत कायम केले आहे. आपले पद आता 'वरिष्ठ गुणवत्ता निरीक्षक' असे राहील. मनापासून अभिनंदन. उद्या पाडवा आहे, त्याआधी पत्र घरी जावे म्हणून आजच देत आहे.

कायम करण्याची पत्रे आपल्याकडे एरवी चार ओळींची असतात. हे लांबले आहे, कारण दोन गोष्टी कागदावर यायला हव्यात असे मला वाटते.

पहिली मंगळवारची. सोमवारच्या सुट्टीनंतर मंगळवारी पहिल्या पाळीत ब्रेक ड्रमचे रिजेक्शन वाढते, हे आपल्याकडे सगळ्यांना वर्षानुवर्षे माहीत होते. 'मंगळवारी मशीन अंगात येते' असे म्हणून आम्ही तो विषय सोडून द्यायचो. आपण नोव्हेंबरपासून मंगळवारचा तक्ता वेगळा ठेवला. रिटर्न सँड हॉपरमध्ये दीड दिवस पडून सुकते, पहिल्या काही बॅचना मॉइश्चर तीनच्या खाली जाते, कॉम्पॅक्टिबिलिटी 34-35 वर येते, मोल्डची कड झडते आणि ती वाळू कास्टिंगमध्ये जाते. हे आपण आकड्यांनी दाखवलेत. उपायही साधा सुचवलात : मंगळवारी मोल्डिंग सुरू होण्याआधी प्लांट तासभर नुसता फिरवायचा, वाळूला पाणी द्यायचे आणि कॉम्पॅक्टिबिलिटी 40 च्या आसपास स्थिरावल्याशिवाय पहिला बॉक्स भरायचा नाही. डिसेंबरमध्ये मंगळवारच्या पहिल्या पाळीचे रिजेक्शन 7.4 टक्के होते, ते फेब्रुवारीत 4.1 टक्क्यांवर आले. त्यासाठी एक रुपयाचे नवे मशीन घ्यावे लागले नाही.

दुसरी गोष्ट 23 जानेवारीची. ती आपल्याला आवडणार नाही, पण आपल्याला कायम करण्याचे खरे कारण माझ्या दृष्टीने तीच आहे. त्या दिवशी एसजीच्या हीटमध्ये मॅग्नेशियम ट्रीटमेंट झाल्यावर क्रेन अडकली आणि लेडल तेरा मिनिटे थांबली. आपल्याकडची मर्यादा दहा मिनिटांची आहे. त्यानंतर मॅग्नेशियम उतरत जाते आणि ग्राफाइट गोल राहत नाही, हे मेटलर्जीच्या डिप्लोमाधारकाला सांगायला नको. आपण 'ओतू नका' म्हणालात. फोरमन म्हणाले, 'मॅडम, एवढ्याने काय होतंय, धातू गार व्हायला लागलाय.' आपण गप्प बसलात. पंप हाउसिंगचे अकरा बॉक्स ओतले गेले, मायक्रोस्कोपखाली अकराही नापास झाले आणि भंगारात गेले.

त्या संध्याकाळी कोणी विचारण्याआधी आपण स्वतः नोंद लिहिलीत : 'थांबवायला हवे होते, मी थांबवले नाही.' फोरमनवर ढकलले नाहीत, क्रेनवरही नाही. शिरोलीत सत्तावीस वर्षे फाउंड्रीत काढली, पण चुकीची अशी नोंद मी फार थोड्यांच्या हातची पाहिली आहे. माझी स्वतःचीही त्यात नाही.

मात्र त्या दिवशी चूक निम्मी कंपनीचीही होती. प्रोबेशनवरच्या निरीक्षकाने वीस वर्षे जुन्या फोरमनसमोर काम थांबवायचे, पण कोणत्या अधिकारात, हे आम्ही कुठेच लिहून दिले नव्हते. म्हणून या पत्राने आपल्याला लाल टॅगचा अधिकार देण्यात येत आहे. वाळू, धातू किंवा तयार कास्टिंग ठरलेल्या मर्यादेबाहेर असेल तर आपण टॅग लावून ते काम किंवा तो लॉट थांबवू शकता. आपण लावलेला टॅग आपण स्वतः, गुणवत्ता विभागप्रमुख किंवा मी, एवढेच काढू शकतो. मोल्डिंग, मेल्टिंग, फेटलिंग आणि डिस्पॅच या चारही विभागांना याचे परिपत्रक आजच दिले आहे. टॅग लावल्यामुळे उत्पादन कमी झाले, असा शेरा आपल्या मूल्यमापनात येणार नाही. टॅग का लावला, हे मात्र त्याच पाळीत रजिस्टरमध्ये लिहावे लागेल.

सुधारित सेवाशर्ती अशा.

वेतन : आजवर दरमहा 20,500 रुपये होते. 1 एप्रिलपासून एकूण 27,000 रुपये राहील. त्यात मूळ वेतन व महागाई भत्ता 15,000, घरभाडे भत्ता 6,000, प्रवास भत्ता 2,500 आणि विशेष भत्ता 3,500 रुपये. भविष्य निर्वाह निधीसाठी 15,000 च्या 12 टक्के, म्हणजे 1,800 रुपये आपल्या पगारातून कापले जातील आणि तेवढीच रक्कम कंपनी भरेल. आजवर आपल्याला व्यवसाय कर नव्हता, कारण महाराष्ट्रात महिलांना 25,000 रुपयांपर्यंतच्या मासिक पगारावर तो माफ आहे. आता दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापले जातील. म्हणजे हातात 25,000 रुपये पडतील, फेब्रुवारीत शंभर कमी. पहिली स्लिप पाहून 'हे दोनशे कसले?' असा प्रश्न पडतोच, म्हणून आधीच सांगितले.

ईएसआय आणि आजारपण : पगार 21,000 च्या वर गेल्याने 1 एप्रिलपासून आपली ईएसआय वर्गणी थांबेल. पण कार्ड टाकून देऊ नका. ऑक्टोबर ते मार्च या काळात भरलेल्या वर्गणीचा लाभकाळ 1 जुलै ते 31 डिसेंबर असा असतो. 1 एप्रिलपासूनच आपले नाव कंपनीच्या सामूहिक मेडिक्लेममध्ये घातले आहे, मर्यादा 3 लाख रुपये, हप्ता कंपनी भरेल. आई-वडिलांना त्यात घ्यायचे असल्यास त्यांचा हप्ता आपल्या पगारातून समान बारा हप्त्यांत घेता येईल. 15 एप्रिलपर्यंत कळवा. नंतर विमा कंपनी वर्षभर नाव घालत नाही.

रजा : वर्षाला अर्जित रजा 18, किरकोळ रजा 7 आणि आजारपणाची रजा 5 दिवस. अर्जित रजा 30 दिवसांपर्यंत साठवता येईल. आठवडी सुट्टी सोमवारीच. आणखी एक, जे नियमावलीत नव्हते आणि आता घातले आहे : पंचगंगेचे पाणी येऊन महामार्ग बंद पडला, जसा 2019 आणि 2021 मध्ये पडला होता, तर त्या दिवसांची रजा किंवा पगार कापला जाणार नाही. इचलकरंजीहून येणाऱ्यांनी पाण्यातून गाडी घालून हजेरी लावावी, अशी कंपनीची इच्छा नाही.

वेळ : सकाळी 8.30 ते संध्याकाळी 5. संध्याकाळी 7 नंतर आणि सकाळी 6 च्या आधी आपल्याला कारखान्यात थांबवले किंवा बोलावले जाणार नाही. रात्रीच्या हीटचे नमुने दुसऱ्या दिवशी तपासायचे.

सेवेचे सातत्य : आपली सेवा 1 ऑक्टोबर 2024 पासूनच मोजली जाईल. ग्रॅच्युइटी व रजेच्या हिशोबात प्रोबेशनचे सहा महिने धरले जातील. बोनस कायद्याप्रमाणे, दिवाळीपूर्वी.

नोटीस : प्रोबेशनमध्ये सात दिवसांची होती, आता दोन्ही बाजूंनी एक महिन्याची किंवा तेवढ्या पगाराची. नेमणूकपत्रातील बाकीच्या अटी, विशेषतः ग्राहकांची ड्रॉइंग आणि पॅटर्न यांच्या गोपनीयतेची अट, आहेत तशाच राहतील.

आता पुढच्या वर्षाबद्दल. वाळू आपल्याला कळते. धातू अजून कळायचा आहे. स्पेक्ट्रोमीटरचा आकडा आपण वाचता, पण कार्बन आणि सिलिकॉन असे का आले आणि भट्टीत आता काय टाकायचे, हा प्रश्न मेल्टिंगवर सोडून देता. मे महिन्यापासून आठवड्यातले दोन दिवस आपण मेल्टिंगला बसाल. तिथले मेल्टर दहावी नापास आहेत, पण धातूचा रंग पाहून तापमान सांगतात आणि पायरोमीटर बहुधा त्यांच्या बाजूने निघतो. त्यांना प्रश्न विचारा, उत्तर तिरकस आले तरी विचारत राहा.

इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमनच्या कोल्हापूर शाखेत व्याख्याने आणि प्रशिक्षणवर्ग होतात. वर्षातून दोन वर्गांची फी कंपनी देईल आणि ते दिवस कामाचे धरले जातील. नोकरी सांभाळून पदवी करण्याचा आपला विचार आहे, असे विभागप्रमुखांकडून कळले. प्रवेश घेतल्यास निम्मी फी कंपनी भरेल. त्यासाठी बॉण्ड लिहून घेणार नाही. बॉण्डवर थांबलेला माणूस मनाने आधीच गेलेला असतो.

एक तक्रारही आहे. सकाळच्या मीटिंगमध्ये आपण बोलत नाही. रजिस्टरमध्ये सगळे लिहिलेले असते, पण रजिस्टर दुपारी उघडते आणि मोल्ड सकाळी भरलेले असतात. एप्रिलपासून मीटिंगची सुरुवात सँड लॅबच्या आकड्यांनी होईल आणि ते आपण उभे राहून सांगायचे. पाच मिनिटे पुरतात. पहिले मूल्यमापन ऑक्टोबरमध्ये होईल. त्यात या पाच मिनिटांबद्दल, मेल्टिंगमधल्या कामाबद्दल आणि मंगळवारच्या तक्त्यासारखा दुसरा कोणता प्रश्न हाती घेतलात याबद्दल विचारेन. कोअर शॉपमधल्या ब्लो होलचा प्रश्न तसाच पडून आहे, एवढे सुचवून ठेवतो.

या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर सही करून ती 5 एप्रिलपर्यंत आस्थापना विभागात द्यावी. एखादी अट मान्य नसेल तर सही करण्याआधी मला भेटा, सही केल्यावर नको. 1 एप्रिल मंगळवार आहे. लाल टॅगचा पहिला गठ्ठा आणि रजिस्टर त्या दिवशी सकाळी सँड लॅबमध्ये आपल्या टेबलावर असेल.

आपला,

अविनाश घोरपडे
कारखाना व्यवस्थापक
कृष्णतीर कास्टिंग्ज प्रा. लि. करिता

प्रत : 1) गुणवत्ता विभागप्रमुख 2) लेखा विभाग, एप्रिलच्या पगारापासून अंमलबजावणीसाठी 3) वैयक्तिक फाइल

स्वीकृती

वरील पत्र मी वाचले. त्यातील पद, वेतन व सेवाशर्ती, तसेच लाल टॅगचा अधिकार आणि त्यासोबतची नोंदीची जबाबदारी मला मान्य आहे. आई-वडिलांची नावे मेडिक्लेममध्ये घालावीत.

ऋतुजा संजय चौगुले
दि. 1 एप्रिल 2025