pve1 सर्व्हरची सूत्रे सोपवताना

नमस्कार,

शुक्रवारपासून pve1 तुमच्याकडे येतो आहे. त्यावर चार गेस्ट चालतात: 101 डीएनएस (कंटेनर), 102 फाइल सर्व्हर, 105 डेटाबेस आणि 110 जुन्या हिशेबाचे विंडोज मशीन. 120 ही माझी चाचणीची प्रत आहे, ती खुशाल पुसून टाका.

सगळे पासवर्ड 102 वरच्या कीपास फाइलमध्ये आहेत. पण 102 च बंद पडला तर? म्हणून तिची प्रत आणि रूटचा पासवर्ड सीलबंद पाकिटात, कार्यालयाच्या तिजोरीत ठेवला आहे. ताबा घेताच रूटचा पासवर्ड बदला आणि पाकीटही नवे करा.

बॅकअप रोज रात्री 1:30 ला बॅकअप सर्व्हरवर जातो, रविवारी पडताळणी होते. महिन्याच्या पहिल्या सोमवारी बाहेरची डिस्क हाताने बदलावी लागते. याची आठवण कुठलेही यंत्र करून देत नाही. दर तीन महिन्यांनी 105 बॅकअपमधून वेगळ्या क्रमांकावर, नेटवर्क तोडून, परत उभा करून बघा. हे मात्र टाळू नका, माझी कळकळीची विनंती आहे.

105 ची साठवण 102 वर आहे, त्यामुळे 102 पूर्ण सुरू झाल्याशिवाय 105 ला हात लावू नका. बॅकअप मध्येच तुटला तर 105 कुलूपबंद राहतो. दुसरा बॅकअप चालू नाही याची खात्री करूनच:

```
qm unlock 105
```

110 बाहेरून दिलेला शटडाउन ऐकत नाही. आत लॉगिन करूनच बंद करा. `qm stop` ने एकदा फाइल खराब झाली होती.