उधारीचे डबे

महिन्याची 28 तारीख. रेणूनं गल्ल्याचा डबा ओट्यावर उपडा केला, मोजलं. 1,340 रुपये. उद्या ज्वारी आणायची होती आणि गॅसची टाकीही संपत आलेली.

"अगं, जेवणाचे डबे 40 वरून 100 झाले, मग पैसा जातो कुठं?" भाकरी थापता थापता मावशीनं विचारलं. तिचे हात मनगटापर्यंत पिठानं पांढरे झाले होते.

रेणूनं वही उघडली. एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचे 60 डबे, 70 रुपयांनी, 26 दिवस: 1,09,200 रुपये. ते यायचे पुढच्या महिन्याच्या 20 तारखेनंतर. पण डब्यामागं 52 रुपये, म्हणजे महिन्याला 81,120, रोजच्या रोज रोखीनं जात होते. शेंगदाणे, तेल, भाजी, पोरांची मजुरी.

"मावशी, डब्यामागं 18 सुटतात. पैसा बुडाला नाही, अडकलाय."

फोन वाजला. कारखान्याचे सुपरवायझर. "ताई, एक तारखेपासून अजून 30 डबे पाठवा."

महिन्यापूर्वी ती हरखून हो म्हणाली असती. आता तिनं वहीच्या कडेला गुणाकार केला. आणखी 40,560 आधी घालायचे.

"पाठवते दादा. पण हिशोब दर शनिवारी. जुन्या 60 डब्यांचाही."

"साहेबांना विचारावं लागेल."

"विचारा. तोवर 60 च येतील."

फोन ठेवताना तिचा हात थरथरत होता. मावशीनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "बरं केलंस. शेंगाचटणी कुटायला घे, सात वाजले."